क्विक वॉश की फुल सायकल: कोणते कपडे कशात टाकायचे

नागपूरच्या मे महिन्यात दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात, नुसता घाम आलेला असतो, मळ नसतो. अशा कॉटनच्या कुर्त्या-टीशर्टला २०-३० मिनिटांचा क्विक वॉश पुरतो, घाम पाण्यात लगेच सुटतो ना. फक्त ड्रम अर्ध्यापेक्षा कमी भरायचा आणि डिटर्जंट नेहमीच्या अर्धंच, कारण क्विकमध्ये बऱ्याच मशिनी एखादं रिन्स कमी करतात आणि जास्तीचा साबण निघायला पाणीच मिळत नाही.

टॉवेल, जीन्स, चादरी मात्र फुल सायकललाच. मी एकदा घाईत चार टॉवेल क्विकला लावले, वाळल्यावर कडक झाले अन् पाणीच शोषेनात. मग एक टॉवेल बादलीभर साध्या पाण्यात चोळला तर पाणी दुधासारखं पांढरं, वर फेस! साबण आतच राहिला होता. डिटर्जंट न टाकता दोनदा नुसतं रिन्स लावलं तेव्हा पाणी स्वच्छ आलं. आमच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्याचा अन् साबणाचा मिळून चिकट थर बसतो तो वेगळाच, म्हणून टॉवेलला एक रिन्स जास्तीचं देतेच मी.

कॉलरवरचा तेलकट काळा पट्टा किंवा भाजीचा डाग क्विकमध्ये निघत नाही, डिटर्जंटमधल्या एन्झाइमला डागावर बसायला वेळ लागतो. तिथं लिक्विड लावून अर्धा तास ठेवायचं अन् मग फुल सायकल, कपड्याला चालत असेल तर ४० डिग्रीवर.