भिंतीवर घोषवाक्य की घंटागाडीवर गाणं?

प्रभागाच्या स्वच्छता मोहिमेसाठी आमच्या मंडळातल्या ताईंपुढे हाच पेच होता.

घोषवाक्य गाडीवरून जाणाऱ्यानेही वाचायला हवं, म्हणून चार-पाच शब्दच. ‘ओला हिरव्यात, सुका निळ्यात’ हे पुरतं, कारण त्यात काय करायचं ते आहे. ‘स्वच्छ प्रभाग, सुंदर प्रभाग’ वाचून कुणाच्या हाताला काम मिळत नाही. खर्च रंगाचा आणि रंगाऱ्याचा, तोही एकदाच. पण उन्हापावसाने अक्षरं विटतात.

गाण्याला मेहनत जास्त. ‘घंटा वाजे, दारी या, ओला-सुक्का वेगळा द्या’ घ्या. ‘घंटा वाजे’ आठ मात्रा, ‘ओला-सुक्का’ही आठ, म्हणून आठ मात्रांच्या केरवा तालात चपखल बसतं. ‘सुका’ लिहिलं की एक मात्रा कमी पडते आणि गाणारा अडखळतो. गाडी पुढे सरकते, दाराशी एखादंच कडवं ऐकू येतं. मुद्दा पहिल्या ओळीतच हवा. तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात ‘तडि चेत्त, पोडि चेत्त’, म्हणजे ‘ओला कचरा, सुका कचरा’, अशी तेलुगू ओळ जोडता येते. न वाचणाऱ्या आजीलाही ती कळते.

कचरा साचणारा एखादाच कोपरा असेल तर भिंत रंगवा. घराघरात वर्गीकरणाची सवय लावायची असेल तर गाणंच करा.