फास्ट चार्जिंगला बॅटरी गरम होते म्हणजे नक्की किती वीज वाया जाते? काही महिने मोजून बघितलं

गाडी इलेक्ट्रिक, 30 युनिटची एलएफपी बॅटरी, पुणे-कोल्हापूर येणंजाणं असतं त्यामुळे साताऱ्याजवळ डीसी फास्ट चार्जर ठरलेला. गाडी घेतल्यापासून सगळे घाबरवत होते की फास्ट चार्जिंगने बॅटरी तापते, अर्धी वीज उष्णतेतच जाते, म्हणून ओबीडी डोंगल लावून आकडे बघायची सवयच लागली.

बघायचं काय, तर चार्जिंग चालू व्हायच्या आधीचा व्होल्टेज आणि करंट चढल्यावरचा व्होल्टेज. माझ्याकडे 30 डिग्रीला 320 वरून 330 वर जातो, करंट 100 अँपिअर. म्हणजे 10 भागिले 100, इंटर्नल रेझिस्टन्स 0.1 ओहम. तो 10 व्होल्टचा फरक म्हणजेच वाया जाणारा भाग, 330 मधले 10, साधारण 3 टक्के. 33 किलोवॅट आत जातात त्यातला 1 किलोवॅट सेलमध्येच उष्णता होतो, घरातल्या इस्त्रीएवढा. अर्ध्या तासात साडेसोळा युनिट गेले तर त्यातलं अर्धं युनिट गेलं, बास, अर्धी वीज वगैरे काही नाही.

आता गंमत अशी की करंट निम्मा केला तर उष्णतेचा वेग चौपट कमी होतो पण वेळ दुप्पट लागतो, त्यामुळे तेवढीच वीज भरताना एकूण नुकसान निम्मंच होतं, चौपट कमी नाही. आणि हे नुकसान स्क्रीनवर दिसत नाही बरं का, कारण बॅटरीत गेलेले युनिट म्हणून जो आकडा येतो तो टर्मिनलवरचा, त्यात ही उष्णता धरलेली असते, नंतर गाडी चालवताना तेवढी कमी मिळते.

टेंपरेचरचं म्हणाल तर अडीचशे किलोच्या पॅकला अर्धं युनिट म्हणजे कूलिंग नसतं तर 7 डिग्री वगैरे. मुळात 30 ला असेल तर काहीच वाटत नाही, पण मे महिन्यात खंबाटकी चढून 42 वर आलेली बॅटरी चार्जरला लावली की एसीचा कॉम्प्रेसर घोंघावायला लागतो आणि थोड्या वेळाने करंट आपोआप कमी होतो.

थंडीत उलटं. डिसेंबरात पहाटे 12 डिग्रीला गाडीने फक्त 60 अँपिअर घेतले आणि तरी व्होल्टेज 11 ने चढला, म्हणजे रेझिस्टन्स 0.18, जवळपास दुप्पट. उष्णता 650 वॅटच, पण टक्केवारीत नुकसान तेवढंच किंवा किंचित जास्त, वर वेळ जातो तो वेगळाच.

घरी 15 अँपिअरच्या सॉकेटवर बॅटरीत 9-10 अँपिअर जातात, फरक जेमतेम 1 व्होल्टचा, म्हणजे बॅटरीतलं नुकसान नगण्य. पण तिथे गाडीतला एसी चार्जर स्वतः तापतो, मीटरवर दिसणारे 10 टक्के जास्त युनिट त्यातच जातात, त्यामुळे "स्लो चार्जिंगमध्ये वीज वाचते" हे मला तरी पटलेलं नाही, बॅटरी थंड राहते एवढंच. फास्ट चार्जिंगमध्येही एसी-डीसीचं नुकसान होतंच, फक्त ते चार्जरवाल्याच्या डब्यात होतं.

रेझिस्टन्स वाढतोय का तेही बघतो, पण तुलना करायची तर टेंपरेचर आणि चार्ज टक्केवारी सारखीच पाहिजे, नाहीतर काहीही आकडे येतात. 30 डिग्री, 40 टक्के चार्ज, माझा फरक अजून 10 व्होल्टच्याच आसपास आहे.