रोजच्या ताटासाठी ज्वारी, बाजरी की नाचणी?

रात्रीच्या चपातीऐवजी भाकरी सुरू करायची असं बऱ्याच घरांत ठरतं आणि पहिला प्रश्न येतो, कशाची? गेली चार वर्षं मी स्वतः थापतोय आणि तिन्ही पिठं आलटून पालटून वापरून झाली आहेत. त्यातून जे कळलं ते सांगतो.

तंतूंचा हिशेब करून निवड करायला गेलात तर फारसं हाती लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तिन्ही धान्यांत शंभर ग्रॅममागे साधारण दहा ते साडेअकरा ग्रॅम तंतू आहेत. पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. म्हणजे भात कमी करून यातलं काहीही खाल्लंत तरी फरक पडतो. फक्त पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकू नका. कॅल्शियमसाठी नाचणी आणि लोहासाठी बाजरी पुढे आहे, हेही खरं. पण रोज काय टिकतं, ते वेगळ्याच गोष्टीवर ठरतं.

माझ्यासाठी ते बाजरीच्या पिठावर ठरलं. चवीला मला बाजरीच सगळ्यात आवडते. थंडीत तीळ लावलेली गरम भाकरी, वर लोणी आणि शेजारी भरलं वांगं, याला तोड नाही. पण आमचं घर दोघांचं. गिरणीत दोन किलोच्या आत दळून मिळत नाही आणि आमचे दोन किलो तीन आठवडे चालतात. आठ-दहा दिवस झाले की भाकरी घशाशी कडू लागायला सुरुवात. पहिल्यांदा वाटलं तवा करपला असेल, मग भाजीवर संशय घेतला. शेवटी चिमूटभर कोरडं पीठ जिभेवर ठेवलं तेव्हा उलगडा झाला. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो. दाणा फुटला की त्यातलीच विकरं त्या तेलावर काम करू लागतात आणि पीठ खवट, कडवट होतं. तळहातावर पीठ चोळून वास घ्या, जुन्या तेलासारखा वाटला तर ते गेलं. मग गरम पाणी, मीठ, तीळ, कशानेही ती चव झाकत नाही. फ्रीजरमध्ये ठेवल्यावर जास्त दिवस टिकतं, पण दर वेळी डबा काढा, पीठ कोमट होऊ द्या, हे माझ्याच्याने रोज झालं नाही. मोठं कुटुंब असेल आणि आठवड्यात पीठ संपत असेल तर ही अडचण तुम्हाला कदाचित येणारही नाही.

ज्वारीचाही दोष आहे, पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा चिरतात, उचलताना तुटते. पण यावर उपाय आहे. वाटीभर पाणी मीठ घालून उकळायचं, गॅस बंद करून त्यात वाटीभर पीठ घालायचं, उलथण्याने ढवळून दहा मिनिटं झाकून ठेवायचं. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च शिजतो आणि चिकटपणा परत येतो. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच परातीत चांगलं मळायचं. एवढ्यात मध्यम आकाराच्या तीन भाकरी होतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाणी फिरवा. ते पूर्ण सुकायच्या आत उलटली नाही तर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. धान्य घेताना मालदांडी मिळाली तर तीच घ्या, तिची भाकरी पांढरी आणि गोडसर होते.

नाचणीची भाकरी तव्यावरून ताटात छान लागते, पण डब्यात दुपारपर्यंत चिवट होते. तिला मी आंबिलीसाठी ठेवलंय. रात्री दोन मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवतो. सकाळी दोन वाट्या पाणी उकळलं की ते ढवळत ढवळत ओततो आणि पाच-सात मिनिटं शिजवतो. पूर्ण निवल्यावरच ताक, ठेचलेला लसूण, जिरं. गरम असताना ताक घातलं तर फुटतं.

सवय नसेल तर सुरुवातीला दिवसाला एकच भाकरी घ्या आणि पाणी वाढवा, नाहीतर पोट गुबारतं.

सध्या आमच्याकडे रात्री ज्वारी, सकाळी आंबील. बाजरी मात्र मार्गशीर्ष-पौषातच, तीही शेजारच्या घराबरोबर निम्मी-निम्मी वाटून दळतो. दोन किलोतलं आमच्या वाट्याचं एक किलो कडू व्हायच्या आत संपतं.