दोन मुलं, दोन शाळा, दोन स्क्रीनशॉट: वर्षाचा खरा खर्च कुठे कमी?

ताईने दोन शाळांच्या फी स्ट्रक्चरचे स्क्रीनशॉट पाठवले आणि खाली एकच ओळ, "अरे बघ ना, अ मध्ये वीस टक्के सिब्लिंग डिस्काउंट आहे आणि ब मध्ये दहाच, म्हणजे अ च स्वस्त ना?" थोरला पाचवीत जाणार, धाकटी पहिलीत, दोघांचीही नवीन ॲडमिशन. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून आकडे मी इथे गोल करून घेतलेत.

अ शाळेचा तक्ता असा. ॲडमिशन फी २०,०००, डिपॉझिट १०,००० (परत मिळणारं), ॲन्युअल चार्जेस १२,०००, हे सगळं प्रत्येक मुलामागे. ट्यूशन फी पहिली ते चौथी ६०,००० आणि पाचवी ते सातवी ७२,०००, चार हप्त्यांत. ब शाळेत डिपॉझिट नाही, ॲडमिशन फी १०,००० आणि बाकी सगळं एकत्र करून एकच कंपोझिट फी, धाकटीची १९,५०० आणि थोरल्याची २२,०००. आता हा १९,५०० वर्षाचा नाही, एका हप्त्याचा आहे आणि हप्ते चार. कॉलमच्या डोक्यावर बारीक अक्षरात "प्रति हप्ता" लिहिलेलं, पण ताईने नेमका तो भाग क्रॉप केला होता, त्यामुळे दोन मिनिटं मीही ब शाळा फुकटच आहे असं समजून बसलो होतो.

तिचा वीस टक्क्यांचा हिशोब असा होता की दोघांचं सगळं मिळून (डिपॉझिट सोडून) १,९६,०००, त्यातून २० टक्के गेले की १,५६,८००. पण डिस्काउंटपुढे एक चांदणी होती आणि चांदणीचा खुलासा तळाला, जो स्क्रीनशॉटमध्ये आलाच नव्हता. पूर्ण पान मागवलं तेव्हा कळलं की सवलत फक्त धाकट्या मुलाला आणि तीही फक्त ट्यूशन फीवर. म्हणजे ६०,००० चे २० टक्के, १२,०००, बस. ॲडमिशनवर नाही, ॲन्युअलवर नाही, थोरल्याला तर काहीच नाही. म्हणून टक्के बघायच्या आधी टक्के कशाचे ते बघायचं, आणि ते टेबलमध्ये क्वचितच असतं, तळटीपेत असतं.

मग अ चा खरा हिशोब. थोरला २०,००० अधिक १२,००० अधिक ७२,०००, म्हणजे १,०४,०००. धाकटी २०,००० अधिक १२,००० अधिक ४८,०००, म्हणजे ८०,०००. एकूण १,८४,०००. डिपॉझिटचे २०,००० मी खर्चात धरले नाहीत, पण पैसे हातातून जाणारच आहेत, त्यामुळे ते वेगळ्या ओळीत लिहून ठेवले, विसरले की हप्ता भरताना तोंडावर आपटतो.

ब चा हिशोब सोपा. ८८,००० अधिक ७८,०००, त्यातून धाकटीच्या कंपोझिटचे दहा टक्के म्हणजे ७,८०० वजा, वर दोघांची ॲडमिशन २०,०००. एकूण १,७८,२००. म्हणजे दहा टक्केवाली शाळा वीस टक्केवालीपेक्षा ५,८०० ने स्वस्त. ताई गप्प.

पण मी तिला म्हटलं थांब, हे पहिल्या वर्षाचं आहे. पुढच्या वर्षी ॲडमिशन फी नाही, त्यामुळे अ चे होतात १,४४,००० आणि ब चे १,५८,२००, म्हणजे उलटं झालं, आता अ १४,२०० ने स्वस्त. दोन वर्षं मिळून अ ३,२८,००० आणि ब ३,३६,४००. फी दरवर्षी वाढते हे खरंय, पण दोन्हीकडे साधारण सारखीच वाढली तर चित्र असंच राहतं. थोरला सातवीपर्यंत त्याच गटात आणि धाकटी चौथीपर्यंत तिच्या, म्हणून निदान तीन वर्षं स्लॅब बदलत नाही, हेही बघून घेतलं.

आता हप्ते, कारण पगारातून भरणाऱ्याला वर्षाचा आकडा एकीकडे आणि पहिल्या हप्त्याचा आकडा दुसरीकडे.

| हप्ता | अ शाळा | ब शाळा |
|---|---|---|
| पहिला | १,१४,००० | ६१,५०० |
| दुसरा | ३०,००० | ४१,५०० |
| तिसरा | ३०,००० | ४१,५०० |
| चौथा | ३०,००० | ३३,७०० |
| एकूण | २,०४,००० | १,७८,२०० |

अ च्या पहिल्या हप्त्यात ॲडमिशन, डिपॉझिट, ॲन्युअल सगळं एकदम येतं, म्हणून तो जवळजवळ दुप्पट. आणि ब मध्ये सवलत शेवटच्या हप्त्यातून कापतात, म्हणजे वर्षाच्या मधेच शाळा सोडली तर ती सवलत हाती लागायचीच नाही.

टोटल बरोबर आहे का हे तपासायची माझी पद्धत म्हणजे सगळे हप्ते जोडायचे आणि शाळेच्या तक्त्यातल्या "एकूण" कॉलमशी ताडायचे. जुळलं नाही तर फरकाचा आकडाच बहुतेक वेळा सांगतो काय राहिलं. अ च्या तक्त्यात थोरल्याच्या ओळीत एकूण १,०४,००० होतं आणि हप्ते जोडले तर १,१४,०००, फरक बरोब्बर १०,०००, म्हणजे डिपॉझिट. पण फरक ओळखीच्या कुठल्याच आकड्याइतका नसेल तर फोटोत आकडाच चुकीचा वाचलाय, ६ आणि ८ धूसर फोटोत सारखेच दिसतात, तेव्हा ओरिजिनल फाइल मागायची, झूम करत बसण्यात अर्थ नाही.

ब मध्ये अजून एक आमिष आहे, वर्षाची फी एकरकमी भरली तर कंपोझिटवर पाच टक्के सूट. ऐकायला छान, पण तळाला लिहिलंय की एका वेळी एकच सवलत. दोघांच्या १,६६,००० चे पाच टक्के ८,३००, आणि सिब्लिंगचे ७,८००. म्हणजे फक्त ५०० साठी सगळे पैसे आधीच देऊन टाकायचे. मी तरी नाही देणार.

तर माझं मत असं. बदलीची नोकरी असेल, वर्षभरात गाव सोडायची शक्यता असेल, किंवा एकदम लाखभर काढणं जड असेल तर ब घ्यावी. तीन वर्षं नक्की तिथेच असाल तर अ, तीन वर्षांत ४,७२,००० विरुद्ध ४,९४,६००, डिपॉझिट यात धरलेलं नाही कारण ते परत मिळतं. बसचा खर्च दोन्ही तक्त्यांत नाहीये, तो वेगळा विचारून दोन्हीकडे जोडायला लागेल आणि त्याने निकाल फिरूही शकतो.

ताई अ कडे झुकलीय. फक्त तिला एक प्रश्न शाळेला ईमेलवर विचारायला लावलाय, थोरला कधी दुसरीकडे गेला तर धाकटीची सवलत त्याच वर्षापासून बंद होणार की कसं, कारण त्या १२,००० वरच अ चं पारडं बऱ्यापैकी टिकलंय. उत्तर यायचंय.