मुलगा गादीवर बसणार नाही: भागीदार घ्यायचा की दुकान आवरायचं?

भांडीबाजारात आमच्या काकांचं तांब्या-पितळेचं दुकान आहे. जागा पागडीची, गादी आजोबांनी मांडलेली. चुलतभाऊ पुण्यात भूजलाच्या कामात रमलाय आणि परत येणार नाही, हे त्याने काकांना समोर बसून सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस घरात त्यावर कोणी बोललं नाही. शेवटी मी आणि काकू वही घेऊन बसलो. २२ वर्षं दुकानात कामाला असलेल्या दादांना भागीदार करून घ्यायचं, की माल काढून जागा सोडायची? दुकान परस्पर भाड्याने द्यायचा विचार पहिल्याच दिवशी बाद झाला. करारात मुभा नसताना पोटभाडेकरू ठेवला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार जागाच हातची जाऊ शकते.

आधी आवरण्याचा हिशेब. भांड्यांच्या धंद्यात एक आधार असतो, माल अगदी पडून राहिला तरी मोडीचा भाव येतोच. बुडते ती घडणावळ. समजा ६०० किलो पितळ आहे, खरेदी सरासरी ७२० रुपये किलो आणि मोड ५००. सगळं एकदम मोडीत घातलं तर ४,३२,००० च्या मालाचे ३,००,००० येतात. तेच दिवाळीत निम्मा माल खरेदीभावाने गिऱ्हाइकाला दिला आणि उरलेला मोडीत घातला, तर ३,६६,००० होतात. म्हणून नक्षीच्या समया, ठोक्याच्या घागरी, अभिषेकपात्रं आधी काउंटरवरून काढायची, कारण त्यांत मजुरी जास्त. साधे पत्र्याचे डबे शेवटी मोडीला गेले तरी नुकसान कमी. जीएसटी नोंदणी रद्द करताना उरलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं, त्यामुळे रद्द करण्याचा अर्ज माल संपत आल्यावरच करावा. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत GSTR-10 हे शेवटचं विवरणपत्र भरायचं. जागा सोडताना मालकाकडून रक्कम घेणं भाडे नियंत्रण कायद्याने वैध आहे, पण ती लेखी करार करून बँकेतूनच घ्या.

भागीदारीचं गणित वेगळं आहे, आणि माझ्या मते चुका इथेच जास्त होतात. भाडेकरूने भागीदार घेतला म्हणून ते पोटभाडं ठरत नाही. मात्र भागीदारी खरी हवी. 'दरमहा मला ठरलेली रक्कम द्या, बाकी दुकान तुमचं' असं ठरलं, बँकखातं एकट्या नव्या माणसाच्या नावावर गेलं आणि जुना मालक दुकानात फिरकेनासा झाला, तर तो कागदावरचा देखावा आहे असं घरमालक कोर्टात दाखवू शकतो. नफा-तोटा दोघांत वाटला जायला हवा, खात्यावर काकांची सही हवी आणि कारभारात त्यांचा हात राहायला हवा.

फर्मची नोंदणी जरूर करा. नोंदणी नसलेल्या फर्मला उधारी वसुलीसाठी दावा लावता येत नाही, आणि लग्नसराईत आपल्याकडे उधारी किती थकते हे सांगायला नको. फर्मचा पॅन नवा, म्हणून जीएसटी क्रमांकही नवा; जुन्या मालावरचं शिल्लक क्रेडिट ITC-02 भरून नव्या क्रमांकावर नेता येतं.

खरी मेख पुढे आहे. दोघांच्या भागीदारीत एक गेला की फर्म तिथेच संपते. भाडेकरू वारल्यावर भाडेहक्क मिळतो तो त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करत असलेल्या कुटुंबीयाला, तसं कोणी नसेल तर वारसाला. भागीदार म्हणून दादांना तो मिळत नाही. म्हणजे दादा दहा वर्षं राबतील आणि एक दिवस फर्मही नाही, जागाही नाही. त्यांना हे न सांगता सही घेणं मला पटत नव्हतं.

आम्ही काकूंना तिसऱ्या भागीदार केलं. एक भागीदार गेल्यास उरलेले धंदा चालू ठेवतील, असं भागीदारीपत्रात लिहिलं. काकू रोज दुपारी दोन तास दुकानात बसतात, मोडीच्या पावत्या त्याच फाडतात. त्यांचं हे बसणं नावापुरतं असून चालत नाही, कारण उद्या भाडेहक्काचा प्रश्न आला तर त्या तिथे धंदा करत होत्या हेच दाखवावं लागेल.

तुमच्याकडे तांब्या हातात घेताच वजन सांगणारा, गिऱ्हाइकांना नावाने ओळखणारा माणूस असेल आणि गादीवर बसायची तुमची ताकद अजून चार-पाच वर्षं असेल, तर भागीदारी घ्या. २०२७ च्या सिंहस्थाचा मोसमही हाताशी येईल. असा माणूस नसेल किंवा तब्येत साथ देत नसेल, तर कुलूप लावून मुलाच्या मनपरिवर्तनाची वाट पाहू नका. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर मालकाला ती परत मागता येते, आणि मग सोडण्याच्या रकमेची बोलणी करायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.