ऑइल कॅपखालचा पांढरा थर: छोट्या फेऱ्यांच्या गाडीचा काही महिन्यांचा अनुभव

आमची गाडी पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक, आणि ती फिरते नाशिकमध्येच. शाळा, भाजी, बँक. एक फेरी जेमतेम तीन किलोमीटरची. डिसेंबरात ऑइल टाकायचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर बसलेला. दाखवायला नेली तिथे झाकण बघताक्षणीच निकाल लागला, "हेड गॅसकेट उडालंय, इंजिन उघडावं लागेल." हेड उतरवणं, फेसिंग, नवं गॅसकेट, नवे बोल्ट, म्हणजे खर्च मोठा. मी थांबलो, कारण डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ तपकिरी होतं आणि पातळीही जिथल्या तिथे होती.

हेड गॅसकेट म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील. तिच्यातून कुलंट ऑइलमध्ये उतरत असेल तर ते खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जाऊन सगळ्या ऑइलमध्ये घुसळलं जातं. मग डिपस्टिकही दुधाळ निघते आणि पातळी वर चढते. थर फक्त झाकणाला आणि टॅपेट कव्हरच्या तोंडाशीच असेल, तर पाणी बहुधा वाफेतून आलेलं असतं.

ही वाफ इंधनातूनच येते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, आणि सीएनजीत हायड्रोजनचा वाटा जास्त असल्याने तेवढ्याच कामाला पाणी आणखी जास्त. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या भागात उतरते. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह ती ओढून पुन्हा जाळायला पाठवतो. तीन किलोमीटरांत मात्र ऑइल तापतच नाही. टेम्परेचरचा काटा मध्यावर आला म्हणजे कुलंट तापलं. ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. अशा वेळी वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे झाकणाला, जाऊन बसते आणि ऑइलमध्ये मिसळून तो थर होतो.

आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी सांगितलं, "आधी झाकण पुसा, कुलंटच्या टाकीवर रेघ मारा आणि महिनाभर बघा." सकाळी गाडी गार असताना पातळीवर मार्करने रेघ मारली. दर रविवारी त्र्यंबकेश्वरला जाऊन येऊ लागलो, एका बाजूला सलग अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. दारात उभी करून इंजिन चालू ठेवण्याचा उपयोग नाही, तेवढ्याने ऑइल तापत नाही, उलट वाफेत भर पडते. कुलंट रेघेवरून हललं नाही. थर कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, आणि हीच गोष्ट मला खटकत होती. मिस्त्रींनी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. आतली गोळी खडखडायला हवी, ती चिकटून गप्प होती. व्हॉल्व्ह बदलला, खर्च किरकोळ. त्यानंतर मार्चपर्यंत झाकणाला फक्त हलका ओलसरपणा दिसायचा, आणि उन्हाळ्यात तोही नाही.

छोट्या फेऱ्यांच्या गाडीचं ऑइल आता मी दहा हजार किलोमीटरपर्यंत खेचत नाही. सहा महिने किंवा पाच हजार, जे आधी होईल ते. मॅन्युअलमध्येही खडतर वापरासाठी लवकर बदलायला सांगितलेलं असतं, आणि आपण ज्याला हलका वापर समजतो तो इंजिनाच्या हिशेबात खडतरच असतो.

खरंच गेलेलं गॅसकेट मी मेव्हण्यांच्या जुन्या गाडीत पाहिलं. आठवड्याला कुलंट भरावं लागायचं, आणि गळती तर कुठेच दिसत नव्हती. सकाळी सुरू करून दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा पाइप टणक व्हायचा, कारण सिलिंडरचा दाब पाण्यात शिरत होता. गाडी तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर थांबायचा नाही. मिस्त्रींनी टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतली हवा ओढली तेव्हा द्रव पिवळा पडला, म्हणजे जळलेला वायू कुलंटमध्ये होता.

या चाचणीला मर्यादा आहे. फट फक्त पाणी आणि ऑइलच्या वाटांमध्ये असेल तर वायू कुलंटमध्ये येत नाही आणि द्रव निळाच राहतो. तेव्हा गार इंजिनाला प्रेशर टेस्टर लावून दाब टिकतो का बघायचा, आणि डिपस्टिकवरच्या ऑइलचा थेंब गरम तव्यावर टाकायचा. पाणी असेल तर तो तडतडतो. झाकणावरचा थर मात्र तव्यावर टाकू नका, पाणी वाफेचं असो वा कुलंटचं, तो तडतडणारच. आणि डिपस्टिकच दुधाळ निघाली तर गाडी गॅरेजपर्यंत चालवतही नेऊ नका, टो करून न्या. कुलंट मिसळलेलं ऑइल क्रँकच्या बेअरिंगांना धरत नाही आणि ती थोड्या अंतरातही खराब होऊ शकतात.