डॉक्टरकडून परतलेलं मांजर: एक रात्र वेगळं ठेवायचं की पहिल्यापासून ओळख करून द्यायची?

आमच्या परळच्या वन बीएचकेमध्ये चिंगी आणि भुऱ्या चार वर्षं एकाच उशीवर झोपत होते. त्या दोघांनी एका वर्षात मला दोन्ही उपाय करायला लावले, त्यामुळे कुठला कधी पुरतो याचा अंदाज आला.

पहिल्यांदा गेली चिंगी, नसबंदीच्या ऑपरेशनला. सकाळी नेली, संध्याकाळी सातला परत आणली. पिंजऱ्याजवळ येऊन भुऱ्याने नाक लावलं, मागे सरला आणि फिस्कारला. आई म्हणाली, "अरे, तुझीच चिंगी ना ती?" पण भुऱ्याच्या लेखी नव्हती. मांजरं एकमेकांना चेहऱ्यापेक्षा वासाने ओळखतात. एकत्र राहणारी मांजरं गाल आणि अंग एकमेकांना घासून घराचा एक सामायिक वास तयार करतात. दवाखान्यातून येणाऱ्या मांजराच्या अंगावर स्पिरिट, औषधं, अनोळखी कुत्री आणि स्वतःचीच भीती असे सगळे वास असतात. भुलीमुळे चालही झोकांड्या खाणारी होते. घरच्या मांजराला दिसतो तो घरात घुसलेला परका. म्हणून त्याला ओरडण्यात काही अर्थ नाही, उलट तो आणखी बिथरतो.

चिंगीला बेडरूममध्ये ठेवलं. लिटर, पाणी, जुनी चादर आत दिली आणि दार बंद केलं. भूल पूर्ण उतरायला चोवीस तासही लागू शकतात, तोवर तिने उड्या न मारलेल्याच बऱ्या. दुसऱ्या संध्याकाळी दार उघडलं. भुऱ्याने एकदा गुरगुरून पाहिलं, मग तिची मान हुंगली. संपलं.

दुसऱ्या वेळी भुऱ्याची लघवी अडली. (बोका वारंवार लिटरमध्ये बसतोय आणि काही होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला निघा.) नळी घालून तीन दिवस दवाखान्यात होता. मागच्या खेपेला सगळं सोपं गेलं होतं, म्हणून मी बेफिकीर झालो आणि हॉलमध्येच पिंजरा उघडला. चिंगी किंचाळत अंगावर गेली. केसांचे पुंजके उडाले, भुऱ्याने तिथेच मुतून टाकलं आणि वॉशिंग मशीनच्या मागे घुसला. मी जाड चादर मधे टाकून त्यांना सोडवलं. हात कधीच घालू नका. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी आपल्या डॉक्टरकडे जा.

या वेळी एक रात्र पुरली नाही. दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतूनही चिंगी गुरगुरत होती. निवड इथेच करायची असते. नुसतं फिस्कारणं, मागे सरणं असेल तर एक-दोन दिवसांचं वेगळं राहणं बहुतेकदा पुरतं. एकदा खरी मारामारी झाली, किंवा दोन दिवसांनीही टक लावून पाहणं आणि कान मागे पाडणं थांबलं नाही, तर ती एकमेकांना नवीनच आहेत असं धरून चाला. आता वासासोबत मारामारीची आठवणही जोडलेली असते आणि वास उडाला तरी ती राहते. "आपापसात मिटवतील" हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. प्रत्येक नव्या झटापटीने ती आठवण पक्की होते.

आम्हाला सतरा दिवस लागले. आधी बंद दाराच्या दोन्ही बाजूंना, पाचेक फुटांवर, उकडलेलं चिकन ठेवलं. दोघं निवांत खातात असं दिसलं की वाट्या थोड्या जवळ सरकवायच्या. एकाच्या गालावर स्वच्छ मोजा हलकेच फिरवून तो दुसऱ्याच्या वाटीजवळ ठेवायचा. रोज तासभर खोल्यांची अदलाबदल करायची, म्हणजे वास पुन्हा मिसळतो. दहाव्या दिवशी दार दोरीने बांधून बोटभर फट ठेवली. मग दोरीचं खेळणं हलवत पाच मिनिटांच्या भेटी, आणि टक लावायला सुरुवात होण्याआधीच दार बंद. बाराव्या दिवशी मी घाई केली, चिंगी धावून गेली आणि दोन पायऱ्या मागे जावं लागलं.

वन बीएचकेत खोली अडकते हे खरं. पण बाथरूममध्ये कोंडण्याचा मोह टाळा. तिथे फिनेलचा वास असतो, आणि फिनेल मांजरांना घातकही आहे. वास घालवायला आंघोळ घालू नका, टाके असतील तर मुळीच नाही.

परतलेलं मांजरच हल्ला करत असेल, तर आधी त्याला दुखतंय का हे डॉक्टरांना विचारा. तिथे ओळख करून देण्याने काही होणार नाही.

आता कुणालाही नेताना दोघांची झोपायची चादर पिंजऱ्यात घालतो. परत आलो की पिंजरा थेट बेडरूममध्ये, आणि दार लावल्यावरच उघडतो.